तीस सेकंदांत मराठी आवाज बसवताना: शब्द नाही, ठोके मोजा

या आठवड्याच्या व्हिडिओत जे घाईघाईत उरकलं ते इथे सावकाश बघू. विषय छोटा आहे पण पैसे खाणारा आहे. तुमच्याकडे एका भाषेत तयार असलेला छोटा व्हिडिओ आहे, त्यावर दुसऱ्या भाषेतला आवाज चढवायचा आहे, आणि चित्र काही बदलायचं नाही. अशा वेळी भाषांतर केलेलं वाक्य चित्रापेक्षा लांब निघतं. मग बोलणारा माणूस पळत सुटतो, आणि गिऱ्हाइकाला शेवटी एवढंच कळतं की कुणीतरी काहीतरी विकतंय.

ही अडचण आजची नाही. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. सिनेमागृहात मुख्य पिक्चरच्या आधी जे सरकारी वार्तापट आणि माहितीपट दाखवायचे, ते तिथे तयार व्हायचे. चित्र एकच, आणि त्यावरचं निवेदन हिंदी, इंग्रजी, मराठी अशा अनेक भाषांत. धरणाचा शॉट सात सेकंदांचा असेल तर तो सगळ्या भाषांत सातच सेकंदांचा. भाषांतर करणाऱ्याला तेवढ्यातच बसायचं होतं. आपल्या मोबाइलवरच्या व्हिडिओचं गणित अगदी तेच आहे, फक्त आपल्याकडे स्टुडिओ नाही.

आता उदाहरण घेऊ. आमच्या बॅचमधल्या एक ताई आंबेमोहोर विकतात. आपल्या मुळशी-मावळ भागातला हा तांदूळ, आखूड दाण्याचा, मोहोराच्या वासाचा, आणि शिजवताना थोडं दुर्लक्ष झालं की गिचका होणारा. पुण्यातल्या सोसायट्यांसाठी त्यांच्या भाच्याने तीस सेकंदांचा इंग्रजी व्हिडिओ केला होता: हा भात कसा करायचा. व्हिडिओ चांगला होता. तोच त्यांना मराठीत हवा होता, पौड-घोटावड्याच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. भाच्याने भाषांतर करून दिलं आणि वर हिशोबही दिला, "मावशी, इंग्रजीत सत्तर शब्द होते, मराठीत अडुसष्टच झालेत. आरामात बसेल."

बसलं नाही. ताईंनी चार वेळा रेकॉर्ड केलं, चारही वेळा शेवटचं वाक्य चित्र संपल्यावर आलं. पाचव्या वेळी त्यांनी दम न घेता वाचलं, तेव्हा कसंबसं बसलं. ते ऐकून त्याच म्हणाल्या, "दादा, हे तर एसटी स्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखं वाटतंय."

शब्द कमी झाले आणि वेळ वाढला, हे कसं? मराठी शब्द इंग्रजीपेक्षा लांब असतो. आपण प्रत्यय, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दालाच चिकटवतो. 'शिजवण्यापूर्वी' हा एक शब्द आहे, पण इंग्रजीत तेवढ्यासाठी दोन छोटे शब्द लागतात. म्हणून शब्द मोजून मराठीची वेळ काढणं म्हणजे पोती मोजून वजन सांगण्यासारखं आहे. एक पोतं दहा किलोचं, दुसरं पन्नासचं.

मोजायचे ते ठोके. हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि शब्द नेहमीसारखा बोला. जितक्या वेळा हनुवटी खाली येते तितके ठोके. 'पाणी' म्हणजे दोन. 'वाटी' दोन. 'दोन' म्हणजे एक. इथे एक गंमत आहे. लिहिलेली अक्षरं आणि बोललेले ठोके सारखे नसतात, कारण बोलताना आपण बरेच 'अ' गिळतो. 'तांदूळ' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना तां-दूळ, दोनच. 'पिशवी' लिहिताना तीन, बोलताना पिश-वी. म्हणून कागदावरची अक्षरं मोजू नका, तोंडातून येणारं मोजा. एखाद्या शब्दावर तुमचा आणि माझा एका ठोक्याचा फरक पडेल. पडू दे. आपल्याला अंदाज हवाय, सोनं तोलायचं नाहीये.

आता स्वतःचा वेग काढा. दुसऱ्याचा आकडा उचलू नका. दुकानात गिऱ्हाइकाला एखादी वस्तू समजावून सांगता तसं काहीतरी मोबाइलवर अर्धा मिनिट बोला, वाचू नका. मग परत ऐकत ठोके मोजा आणि तीसने भागा. ताईंचे दीडशे आले, म्हणजे सेकंदाला पाच. हा आकडा नैसर्गिक थांबे धरून आहे, तोच आपल्याला हवा. माणूस पटापट बोलणारा असेल तर जास्त येईल, आणि त्याने तोच धरायचा. पण जास्त वेग धरून उगाच जागा वाढवून घेऊ नका, कारण माइकसमोर बसलं की बहुतेक जण घाबरून आणखी जोरात पळतात.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. पूर्ण तीस सेकंदांचा हिशोब एकदम करायचा नाही, शॉटनिहाय करायचा. व्हिडिओचा आवाज बंद करा, चालू करा, आणि चित्र बदलेल तिथे सेकंद लिहा. ताईंच्या व्हिडिओत पाच शॉट निघाले: पिशवीतून परातीत तांदूळ पडतोय, पाच सेकंद, धुणं, सहा, वाटीने पाणी मोजून ओतणं, सहा, गॅस, झाकण आणि वाफ, सात, आणि शेवटी पानातला भात, शेजारी पिशवी, सहा. प्रत्येक शॉटमधून एक सेकंद बाजूला काढा, अर्धा सुरुवातीला आणि अर्धा शेवटी. चित्र बदलल्यावर डोळ्याला ते काय आहे हे कळायला तेवढा वेळ लागतो, आणि बोलणाऱ्याला श्वासही घ्यायचा असतो. उरलेल्या सेकंदांना पाचने गुणा. म्हणजे पाच शॉटना जागा झाली वीस, पंचवीस, पंचवीस, तीस आणि पंचवीस ठोक्यांची. सगळे मिळून १२५.

आणि भाच्याच्या भाषांतरात होते १६६. नुसतं बोलायलाच तेहेतीस सेकंद, थांबे वेगळे. ते बसवायचं तर सेकंदाला साडेसहा ठोके मारावे लागतात. ताई पाचव्या वेळी तेच करत होत्या.

आता एकेक शॉट. पहिल्या शॉटवर ओळ होती: "आंबेमोहोर हा मुळशी आणि मावळ परिसरात पिकवला जाणारा एक पारंपरिक सुगंधी तांदूळ आहे." बत्तीस ठोके, जागा वीस. ही ओळ चुकीची नाही, पण ती पाठ्यपुस्तकातली आहे. इंग्रजी वाक्य समोर ठेवून भाषांतर केलं की आपल्या हातून अशी मराठी उतरते. 'पिकवला जाणारा' असं दुकानात कोण बोलतं? शिवाय पौडच्या गिऱ्हाइकाला मुळशी कुठे आहे हे सांगायची गरज नाही. ती गरज पुण्यातल्या इंग्रजी गिऱ्हाइकाला होती. ताईंना मी विचारलं, तुम्ही पिशवी फोडून समोरच्याला देताना काय म्हणता? त्या म्हणाल्या तेच लिहून घेतलं: "हा आपला मुळशीचा आंबेमोहोर. आधी वास घेऊन बघा." सतरा ठोके. मोबाइलवर वास येत नाही हे त्यांनाही कळतं, पण परातीत पडणाऱ्या तांदळावर ते वाक्य बसतं.

दुसरा शॉट: "तांदूळ शिजवण्यापूर्वी ते स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने दोन वेळा व्यवस्थित धुवून घ्यावेत." अठ्ठावीस. जागा पंचवीस, म्हणजे फक्त तीनने जास्त. इथे बरेच लोक म्हणतात, तीनच तर आहेत, थोडं भरभर वाचू. नका वाचू. वाक्यात काय फुकटचं आहे ते बघा. शिजवण्यापूर्वीच धुतात, ते सांगायला नको. स्वच्छ पाणी चित्रात दिसतंय. 'व्यवस्थित' हा शब्द तर काहीच सांगत नाही. नवीन ओळ: "दोन पाण्यांनी धुवा. हलक्या हाताने, दाणा मोडू नये म्हणून." एकोणीस ठोके झाले आणि वर कारणही आलं, जे आधी नव्हतंच. नवखी सून भात करणार असेल तर तिला 'व्यवस्थित'पेक्षा 'दाणा मोडू नये' जास्त उपयोगाचं आहे.

तिसऱ्या शॉटची जुनी ओळ: "त्यानंतर एक वाटी तांदळासाठी दोन वाट्या पाणी घेऊन तांदूळ साधारणतः वीस मिनिटे भिजत ठेवावेत." तेहेतीस. इथे अडचण फक्त लांबीची नाही, क्रमाचीही आहे. इंग्रजीत क्रियापद आधी येतं. 'भिजवा' हा शब्द तिथे पहिल्याच सेकंदाला ऐकू येतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं. चित्रात ताईंचा हात पाणी ओतून मोकळा झाला, पातेलं बाजूला सरकलं, आणि तेव्हा कुठे आवाज 'भिजत ठेवावेत' म्हणतोय. ऐकणाऱ्याला आवाज मागे राहिल्यासारखा वाटतो, वेग बरोबर असला तरीही. यावर उपाय म्हणजे लांब वाक्य मोडून दोन करणं, म्हणजे क्रियापद किंवा मुद्द्याचा शब्द लवकर येतो. आम्ही केलं: "वाटीला दोन वाट्या पाणी. आता वीस मिनिटं तसंच राहू दे." पहिलं वाक्य ओतताना, दुसरं पातेलं सरकताना. एकोणीस ठोके. प्रमाण लक्षात राहावं म्हणून पडद्यावर '१ वाटी तांदूळ, २ वाट्या पाणी' अशी अक्षरंही टाकली.

चौथ्या शॉटला झाकण नेमकं एकोणिसाव्या सेकंदाला पातेल्यावर पडतं. वहीत तो सेकंद लिहून ठेवा, कारण 'झाकण' हा शब्द त्याच्या आसपासच यायला हवा. जुन्या ओळीत त्याच्या आधी 'त्यानंतर पातेल्यावर' होतं, म्हणून तो उशिरा यायचा. एक सांगतो, भाषांतरात 'त्यानंतर' दिसलं की आधी ते खोडा. चित्र पुढे गेलंच आहे, 'त्यानंतर' हे डोळ्यांना दिसतंय. नवी ओळ: "झाकण ठेवा, गॅस बारीक. पाणी आटेपर्यंत चमचा घालायचा नाही. मग पाच मिनिटं वाफेवर." अठ्ठावीस ठोके, जागा तीस. जुन्या ओळीत सदतीस होते आणि वाफेचा मुद्दा नव्हताच.

शेवटच्या शॉटमध्ये सगळे फसतात, कारण तिथे आकडा असतो. "केवळ ₹४९९ मध्ये उपलब्ध" हे कागदावर केवढंसं दिसतं. तोंडाने म्हणून बघा: चारशे नव्व्याण्णव रुपये. आठ ठोके, म्हणजे दीड सेकंदापेक्षा जास्त, आणि 'नव्व्याण्णव' हा शब्द घाईत म्हटला की 'नव्वद' ऐकू येतो. मग गिऱ्हाईक नऊ रुपयांसाठी भांडायला येतं. म्हणून मोजण्याआधी स्क्रिप्टमधला प्रत्येक आकडा, टक्का, 'किग्रॅ', 'मिली' अक्षरांत लिहून काढा. फोन नंबर तर आवाजात कधीच घेऊ नका. दहा आकडे समजतील असे सांगायला चार-पाच सेकंद जातात आणि कुणी ते ऐकून लिहून घेत नाही. किंमत आणि नंबर पडद्यावर, तेही निदान तीन सेकंद स्थिर. आवाजात राहिलं: "आंबेमोहोर, पाच किलो. पिशवीवरचा नंबर लावा." पंधरा.

ताईंना किंमत बोलायचीच होती. माझं म्हणणं, मग पाचशेच ठेवा आणि 'पाचशेला पाच किलो' म्हणा, सहा ठोक्यांत काम होतं. त्या म्हणाल्या एक रुपया कमी असला की बायका घेतात. तो वाद तिथेच राहिला, किंमत पडद्यावर गेली.

बेरीज आली ९८. जागा १२५ ची होती, म्हणजे पाच सेकंदांहून जास्त वेळ मोकळा राहिला. हा मोकळा वेळ बघून कापलेला एखादा शब्द परत घालायचा मोह होतो. त्यापेक्षा तिथे व्हिडिओतला मूळ आवाज वर येऊ द्या. परातीत पडणारा तांदूळ, झाकणाचा खण्ण आवाज. भाच्याने इंग्रजी व्हिडिओत हे सगळं गाण्याखाली दाबलं होतं. आणि जागा उरली म्हणून शब्द ओढून, ताणून बोलू नका. तेही घाईइतकंच खोटं वाटतं.

रेकॉर्डिंग करताना पाचही शॉट वेगवेगळे रेकॉर्ड करा, एकाच दमात तीस सेकंद नको. एका ओळीत अडखळलात तर तेवढीच परत घेता येते, आणि प्रत्येक तुकडा एडिटिंग अ‍ॅपमध्ये चित्र बदलल्यावर अर्ध्या सेकंदाने लावता येतो. सगळे तुकडे एकाच जागी, एकाच बैठकीत घ्या. दुसऱ्या दिवशी आवाज वेगळा लागतो आणि जोड कळतो.

अ‍ॅपमध्ये आवाजाचा वेग वाढवायचं बटण असतं, त्याबद्दल बोलायलाच हवं. लोक म्हणतात १.२ वर टाकलं की झालं. आवाजाची पट्टी तशीच ठेवायची सोय असेल तरी थांबे त्याच प्रमाणात आकसतात, आणि बोलण्यातला श्वास जातो. मराठीत शब्दाच्या टोकाला येणारे प्रत्यय पहिल्यांदा मरतात: 'पाण्यात' की 'पाण्यानं', 'धुवा' की 'धुवून', हेच नीट ऐकू येत नाही. आणि सूचना देणाऱ्या व्हिडिओत सगळा अर्थ त्या टोकातच असतो. फार तर एखाद्या तुकड्याला १.०५, तेही कानाला कळत नसेल तरच.

शब्द कापूनही बसत नसेल तर चित्र ताणा. हा मार्ग पुष्कळांना सुचतच नाही. वाफ, उकळी, पिशवी असा जवळपास स्थिर शॉट एक सेकंद जास्त ठेवला किंवा त्याची शेवटची फ्रेम गोठवली तर कुणाला कळत नाही. हात हलतोय, माणूस बोलतोय, किंवा चित्र गाण्याच्या ठेक्यावर कापलंय, तिथे मात्र ताणता येत नाही, तिथे शब्दच सोडावा लागतो. काय सोडायचं हे ठरवताना एकच प्रश्न: हे ऐकलं नाही तर गिऱ्हाइकाचा भात बिघडेल का? 'पारंपरिक' सोडलं तर नाही बिघडणार. पाण्याचं माप सोडलं तर बिघडेल.

सगळं झाल्यावर हेडफोनवर ऐकून खूश होऊ नका. मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू असताना, ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा माणसाला एकदाच ऐकवा. आणि 'कसा वाटला' असं विचारू नका, त्यावर सगळे छानच म्हणतात. विचारा, पाणी किती घालायचं? किती मिनिटं भिजवायचं? माझ्या दुकानात दूध घालायला येणाऱ्या काकांना ताईंचा पहिला व्हिडिओ ऐकवला तेव्हा ते म्हणाले, "तांदूळ चांगला आहे म्हणतायत." दुसऱ्यानंतर म्हणाले, "वाटीला दोन. पण जुना तांदूळ असला तर जरा जास्त लागतं, ते नाही सांगितलं." म्हणजे माप पोचलं होतं, इतकं की त्यात चूकही काढता आली. ते वाक्य मग व्हिडिओखालच्या मजकुरात गेलं, आवाजात त्याला जागा नव्हती.

ताईंना आता हिंदीतही हवाय, पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांसाठी. हिंदी आपल्याला जवळची वाटते म्हणून न मोजता करू नका. 'पाणी आटेपर्यंत' मराठीत सहा ठोके, तेच 'जब तक पानी सूख न जाए' आठ. आपण जे प्रत्ययाने उरकतो त्याला हिंदीत वेगळे शब्द लागतात. चौथ्या शॉटला मराठीतच अठ्ठावीस आहेत, म्हणून तिथे वाफेचा शॉट आधीच एक सेकंद वाढवून ठेवलाय. पुढचा व्हिडिओ शूट करताना भाच्याला सांगितलंय की प्रत्येक शॉट दोन सेकंद जास्त घे, कापणं सोपं आहे, नसलेलं चित्र कुठून आणणार.